रोजचा हलका मेकअप काढायला मायसेलर वॉटर, क्लेन्झिंग बाम की साधा फेसवॉश? तिन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर काय घ्यावं? (टिंटेड सनस्क्रीन, काजळ, लिपस्टिक एवढंच लावते. त्वचा तेलकट आहे.)

सौम्य फेसवॉश घ्या. बाकीच्या दोन वस्तू वाईट नाहीत, पण तुम्ही जेवढं लावता तेवढ्यासाठी फेसवॉश पुरतो. आणि मायसेलर वॉटर आधीच घरात असेल तर वापरा, फक्त ते चेहऱ्यावर तसंच ठेवून झोपू नका.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. मी काही वर्षं फेसवॉश आणि क्लेन्झर बनवायच्या प्रयोगशाळेत काम केलंय, आणि तरीही ही एक गोष्ट घरातल्या माणसांना पटवायला मला फार झगडावं लागलं.

माझ्या मोठ्या नणंदेचा मेकअप जवळपास तुमच्यासारखाच. टिंटेड सनस्क्रीन, वरून थोडी कॉम्पॅक्ट, काजळ, लिपस्टिक. त्यांच्या वरच्या पापण्या कोरड्या पडायला लागल्या. नुसत्या कोरड्या नाहीत, बारीक पापुद्रे सुटायचे, नाकाकडच्या कोपऱ्यात लाली, आणि सकाळी तोंडावर पाणी मारलं की चुरचुर. त्यांनी काजळावर संशय घेतला आणि काही दिवस काजळ बंद केलं. फरक नाही, म्हणून पुन्हा सुरू केलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून डोळ्यांभोवती जाड क्रीम लावायला लागल्या, तर क्रीमनेही आग व्हायला लागली. गाल, कपाळ, हनुवटी मात्र छान. मला खटकलं ते हेच. सनस्क्रीन किंवा कॉम्पॅक्टचा त्रास असता तर तो बहुधा बाकीच्या चेहऱ्यावरही दिसला असता.

म्हणून एकदा रात्री त्या मेकअप काढताना मी शेजारी उभी राहिले. कापसाच्या चकतीवर मायसेलर वॉटरचे थोडेसेच थेंब, आणि पापणीवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. काजळ सुटेना म्हणून जोर वाढला. चकती पांढरी निघेपर्यंत पुसलं, वर क्रीम लावलं आणि दिवा बंद. चेहऱ्यावर पाण्याचा एक थेंबही नाही.

मी म्हटलं, "वन्सं, हे धुवायला हवं."

"अगं, बाटलीवर छापलंय ना, धुवायची गरज नाही म्हणून. आणि दुकानातल्या मुलीनेही तेच सांगितलं. कापूस बघ, पांढरा आहे."

इथून आमचा वाद सुरू झाला, आणि माझी बाजू मला आज नीट मांडायची आहे.

मायसेलर वॉटर म्हणजे पाण्यात विरघळवलेलं सौम्य सर्फॅक्टंट. सर्फॅक्टंट म्हणजे फेसवॉशमध्ये मळ काढणारा असतो तोच घटक. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. पाण्यात त्याचं प्रमाण एका मर्यादेपुढे गेलं की हे रेणू तेलाकडची टोकं आत घेऊन बारीक गोळे करतात. त्या गोळ्यांना मायसेल म्हणतात. कापूस त्वचेला टेकला की मेकअपमधलं तेल, मेण आणि त्यातला रंग या गोळ्यांमध्ये ओढला जातो. इथपर्यंत बाटलीवरचं सगळं खरं आहे. मेकअप न धुता निघतो.

पण पुसून झाल्यावर त्वचेवर जो ओलसर थर राहतो, त्यातलं पाणी काही मिनिटांत उडून जातं. सर्फॅक्टंट उडत नाही. उलट पाणी गेल्यामुळे ते त्वचेवर जास्त दाट होतं आणि रात्रभर तिथेच बसतं. फेसवॉश त्वचेवर मिनिटभर असतो, हे सात-आठ तास. गालाची त्वचा ते बऱ्याचदा सहन करते. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, अख्ख्या शरीरातली सर्वात पातळ. तिथे त्वचेचं स्वतःचं तेलही कमी. त्यातून वर जाड क्रीमचा थर दिला की खालचं सर्फॅक्टंट झाकून ठेवल्यासारखंच होतं. भांडी साबणाने घासायची, फडक्याने पुसायची आणि न विसळता मांडणीवर ठेवायची, असं कुणी करेल का? हे मी वन्संना त्या दिवशीही म्हटलं होतं.

पांढऱ्या कापसाचं म्हणाल, तर कापूस फक्त रंग संपला की नाही ते सांगतो. सर्फॅक्टंटला रंगच नाही, ते कापसावर दिसणार कुठून? ते पाहायचं असेल तर मायसेलर वॉटरने चेहरा पुसा, दोन मिनिटं वाळू द्या, मग ओल्या बोटांनी गालावर गोल गोल चोळा. बऱ्याचदा बोटं बुळबुळीत सरकतात, कधी चक्क हलका फेस येतो. तो फेस म्हणजे चेहऱ्यावर राहिलेला क्लेन्झर.

वन्संना एवढ्याने पटलं नाही. म्हणून मी सुचवलं की दोन्ही डोळे पूर्वीसारखेच पुसायचे, तेच मायसेलर, तसाच कापूस, पण नंतर फक्त डावा डोळा कोमट पाण्याने धुवायचा. क्रीम पूर्ण बंद. एका वेळी एकच फरक ठेवला नाही तर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही. लोक चार वस्तू एकदम बदलतात आणि मग शेवटच्या वस्तूला श्रेय देतात. काही दिवसांतच डाव्या पापणीचे पापुद्रे गेले, सकाळची चुरचुर थांबली. उजवी होती तशीच. मग उजवाही धुवायला सुरुवात केली आणि घासणंही सोडलं. चकती चांगली ओली करायची, मिटलेल्या पापणीवर पंधरा-वीस सेकंद नुसती टेकवून ठेवायची आणि मग वरून खाली एकदाच ओढायची. काजळ विरघळायला वेळ लागतो, जोर नाही. दोन्ही पापण्या बऱ्या झाल्या. काजळही चालूच राहिलं.

आता फेसवॉशबद्दल, कारण मूळ उत्तर तेच आहे. टिंटेड सनस्क्रीनमधला रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड, तो तेलात आणि सिलिकोनमध्ये धरलेला असतो. वॉटर-रेझिस्टंट नसेल तर सौम्य जेल फेसवॉशने तो निघतो, पण आपण चेहऱ्यावरून हात फिरवतो दहा सेकंद, आणि मग म्हणतो फेसवॉशने मेकअप निघत नाही. चेहरा आधी कोमट पाण्याने ओला करा, फेसवॉश तळव्यांवर फेसाळून घ्या आणि पाऊण ते एक मिनिट बोटांच्या पेरांनी फिरवा. नाकाच्या कडा, केसांची रेघ आणि जबड्याची खालची बाजू या तीन ठिकाणी रंग हमखास उरतो. धुतल्यावर पांढरा ओला रुमाल तिथे दाबून पाहा. रंग आला तर पुन्हा एक हात. तरीही आला तर तुमचं सनस्क्रीन चिवट आहे.

घटकांच्या यादीत कोकॅमिडोप्रोपिल बीटेन, कोको-ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथियोनेट अशी नावं वरच्या बाजूला असली तर फेसवॉश साधारण सौम्य असतो. धुतल्यावर दहा मिनिटांनी चेहरा ओढल्यासारखा वाटला तर तो तुमच्यासाठी कडक आहे, मग त्वचा कितीही तेलकट असो. चर चर आवाज येईपर्यंत धुतलेली त्वचा स्वच्छ असते हा समज आधी सोडा. साबणाची वडी चेहऱ्याला नको. तिचा पीएच नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास.

बाम मी चिवट गोष्टींसाठी राखून ठेवेन. वॉटर-रेझिस्टंट सनस्क्रीन, चोवीस तास टिकणारं काजळ, न पुसणारी लिपस्टिक. यांत थर धरून ठेवणारी रेझिन्स आणि सिलिकोन असतात, त्यांना पाण्यापेक्षा तेल लवकर सोडवतं. बामची गंमत त्यातल्या इमल्सिफायरमध्ये, म्हणजे तेलाला पाण्यात मिसळू देणाऱ्या घटकात आहे. कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर लावायचा, अर्धा-एक मिनिट फिरवायचा, मग हात ओले करून पुन्हा फिरवायचा. तो दुधासारखा पांढरा झाला की धुवायचा. सुरुवातीलाच चेहरा ओला असेल तर बाम मेकअपला भिडायच्या आधीच दूध होऊन बसतो आणि काम अर्धवट राहतं. पाणी लावूनही पांढरा होत नसेल तर त्यात इमल्सिफायर नाही किंवा अगदी कमी आहे. असा बाम नुसत्या पाण्याने जाणार नाही, वरून फेसवॉश लागेलच. डोळ्यांसमोर धुकं आल्यासारखं दिसलं तर बामचं तेल डोळ्यात गेलंय, कोमट पाण्याने डोळे धुतले की थोड्या वेळात जातं.

रोज रात्री बाम आणि वर फेसवॉश, असं 'डबल क्लेन्झिंग' सगळ्यांना सांगत सुटायची पद्धत मला मान्य नाही. तुमच्याएवढ्या मेकअपला दोनदा धुणं म्हणजे त्वचेतलं तेल विनाकारण काढणं. तेलकट त्वचेला बामने पुटकुळ्या येतात का, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. नीट पांढरा करून धुतला तर बहुतेकांना येत नाहीत, अर्धवट धुतला तर येऊ शकतात.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मायसेलर न धुता वर्षानुवर्षं वापरणारी आणि काहीही त्रास नसलेली माणसं आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी बदलायलाच हवं असं नाही. पण पापण्या दुखत असतील तर पहिला प्रयोग धुण्याचा करा, नवी क्रीम आणण्याचा नव्हे. दुसरं, पापण्यांची लाली प्रत्येक वेळी क्लेन्झरचीच असते असंही नाही. नेलपॉलिशच्या ॲलर्जीने बोटांना काही न होता पापण्या सुजतात, कारण आपण नकळत डोळ्यांना हात लावत असतो. केसांच्या रंगानेही होतं. धुवायला लागून पंधरा दिवसांत फरक पडला नाही, सूज आली, पाणी-चिपडं येऊ लागली किंवा नजरेत बदल झाला, तर त्वचेच्या नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर यातलं काहीही डोळ्यांजवळ नेण्याआधी हात धुऊन त्या काढा.

वन्सं आता रोज चेहरा धुतात. विचारलं तर म्हणतात, नवीन बाटली चांगली निघाली. बाटली तीच आहे, त्याच कंपनीची, त्याच घटकांची. मी दोन्ही बाटल्यांच्या याद्या शेजारी धरून वाचल्या आहेत.