केळी वेफर्सचं पाकीट सतराव्या पानावर का?

प्रश्न: "मी जळगावात ग्राफिक डिझायनर आहे. जर्मनीत पॅकेजिंगच्या नोकऱ्यांना अर्ज करतोय. पोर्टफोलिओत तीस कामं आहेत, तरी मुलाखतीला कुणी बोलवत नाही. निवड करणारे नेमकं बघतात काय? पीडीएफ जोडली आहे."

भाऊ, मी मूळचा भुसावळचा. हॅम्बुर्गला पॅकेजिंगचंच काम करतो, आणि आमच्याकडे आलेले अर्ज चाळायला मलाही बसवतात.

तुमची पहिली सोळा पानं सणांच्या पोस्ट, सराफांच्या जाहिराती आणि लग्नपत्रिकांची आहेत. काम नीटनेटकं आहे, पण जागा पाकिटं करणाऱ्याची आहे. फैजपूरच्या केळी वेफर्सचं पाकीट सतराव्या पानावर आलंय, आणि तिथवर कुणी पोचत नाही. ते पहिल्या पानावर आणा. पाच-सहा कामं पुरेत.

त्या पाकिटाखाली तुम्ही एकच ओळ लिहिलीय: "मालकाने खर्च वाढवू नका सांगितलं." खरी गोष्ट तिथेच आहे, ती पूर्ण सांगा. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. तीन चवींची तीन स्वतंत्र डिझाइन केली असती तर सिलिंडरचे तीन संच करावे लागले असते. तुम्ही लोगो, फोटो, मजकूर सामाईक ठेवलात आणि चवीचं नाव व रंगीत पट्टा एकाच सिलिंडरवर आणलात. चव बदलली की तेवढाच बदलायचा. आम्हाला हेच डोकं हवं असतं. मात्र मुलाखतीत पुढचा प्रश्न येईल: फोटो एकच, मग मिरी आणि मसाला दुकानात लांबून ओळखू येतात का? पट्टा आधी अरुंद होता, तो का वाढवला, हे दाखवणारा टाकून दिलेला नमुना शेजारी ठेवा.

प्रक्रिया म्हणजे हीच. संशोधन-कल्पना-स्केच असे बाणांचे तक्ते आम्ही सरळ उलटतो, कारण ते प्रत्येकाकडे सारखेच असतात. एखादं स्केच का बाद केलं, हे ज्याला सांगता येत नाही त्याने तक्ता मागाहून काढलाय हे लगेच कळतं.

मॉकअपऐवजी छापून भरलेल्या पाकिटाचा फोटो द्या. पाकीट फुगलं की कडा मागे वळतात, आणि मॉकअपमध्ये ऐटीत दिसणारं कडेचं अक्षर निम्मं गायब होतं. मागच्या मधल्या शिवणीचंही तसंच.

विविधतेची काळजी नको. एकाच ब्रँडच्या लहान-मोठ्या पाकिटांत मांडणी कशी टिकली, ते दाखवलं तर लग्नपत्रिकेची गरज नाही. इथल्या नियमांची ओळख दाखवायची असेल, तर मागची बाजू युरोपीय नियमाने पुन्हा मांडा: सक्तीच्या मजकुरात लहान एक्सची उंची किमान १.२ मिलिमीटर, सर्वांत मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ०.९. ते सरावाचं काम आहे असं मात्र स्पष्ट लिहा. फोटो दुसऱ्याने काढले असतील तर तेही.