बुटाच्या जिभेमागचं लेबल वाचा

प्रश्न: "ऑनलाइन आदिदासचे बूट मागवलेत. खोका, बारकोड, टॅग सगळं बरोबर दिसतंय, तरी शंका येते. ओरिजनल आहेत हे कसं ओळखायचं?"

खोक्यावर विसंबू नका. खोका आणि बारकोड जसाच्या तसा छापता येतो. बुटाची जीभ पुढे ओढा आणि आत शिवलेलं छोटं लेबल उजेडात वाचा. नकली माल बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो.

माझ्या भाच्याने असाच एक जोड मागवला होता. लेबलवरचा मॉडेलचा कोड, म्हणजे दोन अक्षरं आणि चार अंक, खोक्यावरच्या कोडशी तंतोतंत जुळत होता. तो खूश! पण लेबलवर यूके ८½ च्या शेजारी युरोपचा साइज ४२.५ छापलेला होता. आदिदासचे युरोपियन साइज अर्ध्याने नाही, एक तृतीयांशाने वाढतात: ४२, ४२⅔, ४३⅓, ४४. यूके ८½ म्हणजे ४२⅔. ४२.५ हा आकडा नायकेच्या तक्त्यातला, तिथे तो यूके ८ ला येतो. छापणाऱ्याने दुसऱ्याच कंपनीचा तक्ता उचलला होता.

मग दोन्ही पायांची लेबलं शेजारी धरली. आदिदासच्या लेबलवर तळाशी प्रत्येक बुटाचा स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे डाव्या-उजव्याचा वेगळा यायला हवा. याच्या दोन्हींवर एकच होता. एकच लेबल शेकड्याने छापून शिवलं की असं होतं. इथे माझी खात्री पटली.

कोडबद्दल एक नीट लक्षात घ्या. नायकेचा कोड CW2288-111 असा असतो, शेवटचे तीन अंक रंगाचे. तो शोधून पाहिला आणि भलताच बूट किंवा भलताच रंग निघाला, तर माल नकली समजा. पण कोड जुळला म्हणून माल खरा ठरत नाही, कारण खऱ्या बुटाचा कोड कुणीही उतरवून घेऊ शकतो.

बॅगेला दरवेळी असं लेबल हाताशी नसतं. तिथे मी पट्टा जिथे बॅगेला जोडलाय ती जागा आतून बघतो. सगळा भार तिथेच येतो, म्हणून चांगल्या बॅगेला तिथे दाट, आडवे टाके मारलेले असतात. एकेरी शिवण आणि लोंबणारे दोरे दिसले तर मी ती बॅग घेत नाही. मात्र नुसत्या शिवणीवरून शंभर टक्के निकाल देता येत नाही.

रस्त्यावर घेताना हे सगळं हातात धरून बघता येतं. विक्रेता स्वतःच "फर्स्ट कॉपी" म्हणाला तर माल नकलीच, त्यात दर्जाची पायरी शोधू नका. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे दोन्ही जिभांच्या लेबलांचे फोटो आधीच मागा. पानावरचे रिव्ह्यू बऱ्याचदा त्या मॉडेलचे असतात, तुमच्या विक्रेत्याचे नाहीत.

तुमचा जोड आलाच आहे, तर घालून बाहेर पडू नका आणि टॅगही कापू नका, नाहीतर परत घेताना तेच कारण पुढे करतील. दोन्ही लेबलांचे स्पष्ट फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.