व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्यावर फोटोच्या मागच्या छटेत पट्टे आणि चौकोन का पडतात?

*"रावेरला केळीच्या रोपांची नर्सरी आहे. जाहिरातीसाठी घडाचा फोटो काढतो, मागची शेड खोडून गडद निळ्यातून काळ्यात जाणारी छटा टाकतो. फोटोशॉपमध्ये झक्कास दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की मागे पट्टे आणि चौकोन. क्वालिटी 12 ठेवली तरी तेच. काय करू?"*

भाऊ, पट्टे आणि चौकोन ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि क्वालिटी वाढवून पहिलं बरं होत नाही.

आलेला फोटो 300 टक्के मोठा करून बघा. छटेच्या वळणाने जाणाऱ्या रेघा दिसल्या तर ते पट्टे. सरळ कडांची, बुद्धिबळाच्या पटासारखी घरं दिसली तर ती कॉम्प्रेशनची.

पट्ट्यांचं गणित सोपं आहे. 8 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात. समजा तुमचा निळा वरून खाली 40 वरून 10 वर येतो. म्हणजे 30 पायऱ्या, आणि फोटोची उंची 1600 पिक्सेल. एकेक पायरी सुमारे 53 पिक्सेल रुंद झाली, ती डोळ्याला दिसणारच.

चौकोन येतात जेपेगमुळे. जेपेग फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक फरक टाकून देतो. संथ छटेत फरक मुळातच बारीक, त्यामुळे तुकड्याची नुसती सरासरी उरते आणि शेजारच्या तुकड्याशी सांधा दिसू लागतो. रंगाची माहिती बहुतेक वेळा उभी-आडवी निम्मी करून ठेवतात, म्हणून रंगाची घरं 16 बाय 16 चीही दिसतात. तुम्ही 12 वर सेव्ह केलं तरी व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पुन्हा दाबतंच.

उपाय आहे तो छटेत मुद्दाम बारीक दाणा घालण्याचा. दाण्यामुळे पायरीची कड विस्कटते. पण क्रम चुकला तर सगळं फुकट.

आधी `Image > Mode > 16 Bits/Channel` करा, थर एकत्र करू का विचारलं तर नाही म्हणा, आणि मगच छटा टाका. Gradient मधलं `Dither` चालू असू द्या. 8 बिटमध्ये टाकून एकत्र केलेली छटा नंतर 16 मध्ये नेली तर पायऱ्या तेवढ्याच राहतात.

थर असलेली मूळ फाइल जपून तिची प्रत घ्या. प्रतीत रंग sRGB मध्ये न्या आणि मोठी बाजू 1600 पिक्सेल करा. आता छटेचा थर साधा पिक्सेलचा करून फक्त त्याच्यावर `Filter > Noise > Add Noise` चालवा: Amount 1.5 ते 2 टक्के, Gaussian, आणि Monochromatic ला टिक. रंगीत दाणा नको, कारण जेपेग रंगच जास्त दाबतो आणि त्या दाण्याचे डाग होतात. दाणा आधी घालून फोटो नंतर लहान केला तर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि दाणा विरघळतो. बहुतेकांची चूक इथेच होते.

प्रमाण चाखून ठरवावं लागतं, भरतात मिरची घालतो तसं. अर्धा टक्का घातला तर जेपेग तो गिळतो आणि पट्टे परत येतात. पाच टक्के घातला तर फाइलची जागा दाणाच खातो आणि केळीच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. शेवटी 8 बिट करून जेपेग क्वालिटी 10 ला एकदाच सेव्ह करा.

तपासणी 100 टक्के झूमवर करा. लहान झूमवर फोटोशॉप स्वतःच कधीकधी खोटे पट्टे दाखवतं. मग फोटो घरातल्याच दुसऱ्या नंबरवर पाठवा, तिकडून उतरवून घ्या आणि कॉम्प्युटरवर ImageMagick हा फोटोची माहिती काढणारा प्रोग्रॅम असेल तर टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
magick identify -format "%w x %h  %Q\n" aalela.jpg
```

रुंदी, उंची आणि अंदाजे क्वालिटी कळते. मोठी बाजू 1600 पेक्षा वेगळी आली तर पुढच्या वेळी तोच आकडा धरून फोटो लहान करा. HD निवडून पाठवलं तर आकडा मोठा येईल. छापायला द्यायची फाइल मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, ती दाबली जात नाही.

एवढं करूनही गडद भागात घरं दिसलीच तर छटाच बदला. 40 ते 10 ऐवजी 90 ते 20 घेतली तर पायरी 53 वरून सुमारे 23 पिक्सेलवर येते. माझं मत विचाराल तर सपाट छटेपेक्षा केळीच्या बागेचाच धूसर फोटो मागे घ्या. त्यात मुळातच चढउतार असतो. फक्त धूसर केल्यावर दाणा त्याच्यावरही घाला, नाहीतर घडाचा भाग दाणेदार आणि बाग प्लॅस्टिकची दिसेल.