पहिल्या ग्राहकांकडे मुलाखतीची वेळ मागताना

प्रश्न: ठाण्यातल्या सोसायट्यांसाठी मेंटेनन्स बिलाचं ॲप काढलंय. पहिल्या ग्राहकांना मुलाखतीसाठी ईमेलमध्ये काय लिहू?

त्यांनी ॲपवर नुकतं केलेलं एक काम लिहा आणि फक्त 20 मिनिटं मागा. उदाहरणार्थ, सचिवांना:

"नमस्कार सर, या महिन्याची बिलं तुम्ही ॲपवर काढलीत, पावत्या मात्र नाहीत. पावत्यांचं काम सध्या कसं करता, ते समजून घ्यायचंय. 20 मिनिटं लागतील; शनिवारी सकाळी 11 ला फोन करू की रविवारी संध्याकाळी 5 ला? काही विकायचं नाही."

मी ग्राहकांशी असंच बोलतो. नुसतं "अभिप्राय द्या" म्हटलं की सगळ्यांना धाडलेला मेल वाटतो, आणि उत्तर आलंच तर "छान आहे" एवढंच. मात्र मेलला उत्तर देणारे बहुधा खूश असलेलेच असतात; ॲप सोडून परत एक्सेलकडे गेलेल्यांना थेट फोन करा.