आधी विचार, दार बंद का आहे

प्रिय,

नाटकावरून सिनेमासाठी लिहिलेली तुझी पटकथा दोनदा वाचली. सोबतचं पत्र त्याहून जास्त वेळा वाचलं. तू ती तिघांना वाचायला दिलीस, तिघंही म्हणाले की हे नाटकच वाटतंय. मग तू बाहेरचे अकरा प्रसंग घातलेस, नदी आणली, बाजार आणला, एसटी स्टँड आणलं, आणि तरीही तेच तिघं तेच म्हणाले. आता आणखी काय घालू, असं विचारतेस. काही घालू नकोस. त्या अकरांतले नऊ काढायचे आहेत.

मूळ नाटक एका माजघरात घडतं. तीन भावंडं आहेत, वाडा विकायचा की नाही हा वाद आहे, आणि आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली आहे. दोन अंकांत ती एकदाही रंगमंचावर येत नाही. तिचा खोकला ऐकू येतो, दोनदा हाक येते, बस. तुझ्या पटकथेत सहाव्या पानावर कॅमेरा थेट तिच्या खाटेपाशी! का? सिनेमात सगळं दाखवता येतं म्हणून? अगं, तिघं जण आवाज दाबून का बोलतात, मधेच विषय का बदलतात, थोरला चहाचा कप मुद्दाम आपटून का ठेवतो? आत आई जागी आहे की झोपलीय हे त्यांना माहीत नाही म्हणून. तू आम्हाला सांगून टाकलंस की ती जागी आहे. आता आम्ही पुढचा दीड तास त्यांच्यापेक्षा शहाणे होऊन बसणार, आणि त्यांचं कुजबुजणं आम्हाला नुसतंच संवाद म्हणणं वाटणार. दाराला हात लावण्याआधी ते बंद का आहे याचा विचार करायचा. हे मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

माझं सांगतो. मी तेव्हा संकलन करत होतो आणि एका नाटकाच्या पटकथेत माझाही हात होता. नवरा-बायकोचं रात्रभर चाललेलं भांडण हा त्या नाटकाचा गाभा. शेजारच्या खोलीत पाहुणे झोपलेले, म्हणून सगळं भांडण दबक्या आवाजात. निर्माता म्हणाला, चार भिंतींत प्रेक्षकाचा जीव गुदमरेल, जरा हवा येऊ द्या. आम्ही भांडण नदीच्या घाटावर नेलं. दोन रात्रींचं शूटिंग, पाण्यावर दिव्यांची प्रतिबिंबं, दृश्य फार देखणं. संकलनाच्या टेबलावर पहिल्यांदा सलग पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. घाटावर पाहुणे नव्हते, म्हणजे कुजबुजायचं कारणच नव्हतं. नटांनी नकळत आवाज चढवला होता. चढलेल्या आवाजात तीच वाक्यं भाषणासारखी झाली. बायको नदीकडे तोंड करून बोलत होती आणि नवरा तिच्या पाठीमागे उभा, अगदी रंगमंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहावं तसं. खोलीत असताना जो सिनेमा होता, तो मोकळ्या आकाशाखाली गेल्यावर नाटक झाला. प्रदर्शित झाल्यावर लोक तेच म्हणाले.

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो असतो तर कदाचित तो सिनेमाच झाला नसता, हेही खरं, आणि तेव्हा घरात दुसरं उत्पन्न नव्हतं. ते मी आजही स्वतःला सांगतो. पण आवाजाचं कारण गेलं हे मला शूटिंगच्या आधी कळायला हवं होतं, ते कळलं नाही. त्याला पैशाची अडचण जबाबदार नाही.

म्हणून नाटकी वाटणं म्हणजे एका खोलीत असणं नव्हे, हे एकदा पक्कं कर. सिडनी ल्युमेटचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ पाहिला आहेसच. मूळ टीव्हीसाठी लिहिलेलं होतं, १९५४ मध्ये. रंगमंचावर ते नंतर आलं. जवळजवळ सगळा सिनेमा ज्यूरीच्या एका खोलीत, बारा माणसं, एक टेबल. ल्युमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी काय केलं ते आता पुन्हा बघ, आवाज बंद करून बघ. पहिल्या एक-तृतीयांश भागात कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर आहे. मधल्या भागात तो डोळ्यांच्या पातळीवर येतो. शेवटच्या भागात तो खाली जातो आणि डोक्यावरचं छत दिसायला लागतं. त्याच वेळी लेन्स हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात. लांब पल्ल्याच्या लेन्समधून मागची भिंत माणसाच्या पाठीला येऊन भिडल्यासारखी दिसते. खोली तेवढीच राहते, पण आपल्याला ती आवळत चालल्यासारखी वाटते, का ते कळत नाही. आणि अगदी शेवटी ते सगळे बाहेर पायऱ्यांवर येतात तेव्हा लेन्स एकदम रुंद. तिथे आपला श्वास सुटतो. दार दीड तास बंद ठेवलं म्हणूनच ते उघडल्याचा हा परिणाम मिळतो. पान दहावर उघडलं असतं तर पायऱ्या नुसत्या पायऱ्या राहिल्या असत्या.

हिचकॉकनं १९५४ मध्ये ‘डायल एम फॉर मर्डर’ केला, तोही नाटकावरून, आणि जवळपास सगळा लंडनच्या एका फ्लॅटमध्ये. त्याचं म्हणणं असं होतं की नाटकावरून सिनेमा करणारे लोक पात्र टॅक्सीतून उतरताना, पैसे देताना, जिना चढताना दाखवतात आणि त्याला सिनेमा म्हणतात. (तुझ्या पान ३४ वर रिक्षा आहे. धाकटी उतरते, पैसे देते, सुटे नाहीत म्हणून वाद घालते.) पण त्याच्या गोष्टीत एक जागा अशी होती की खोलीबाहेर जाणं भागच होतं: नायिकेवर खटला चालतो आणि तिला फाशीची शिक्षा होते. त्यानं न्यायालय उभारलं नाही. ग्रेस केलीचा चेहरा, मागे रंगांचा नुसता पडदा, आणि आवाज. एवढ्यात खटला संपतो आणि आपण पुन्हा फ्लॅटमध्ये. बाहेर गेला, पण खोलीचा ताण सांडू न देता गेला.

आपल्याकडचं उदाहरण तुझ्या जवळचं आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तू कॉलेजात केलं होतंस. तेंडुलकरांनी सुरुवातीलाच दाराची कडी आणली आहे. बेणारेचं बोट तिच्यात चेमटतं, सामंत त्या कडीच्या खोड्या सांगतो, आपण हसतो आणि विसरतो. पुढे खोट्या खटल्याचा खेळ तिच्या जिवावर उठतो, ती पिशवी उचलून जायला निघते, आणि दार उघडत नाही. जिथून ती हसत आत आली, तेच दार आता तिला बाहेर जाऊ देत नाही. या नाटकाचा सिनेमा करताना कुणी तिला मधेच अंगणात फिरवून आणलं तर कडी फुकट गेली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी तो सिनेमा केला, पटकथा तेंडुलकरांचीच, कॅमेरा गोविंद निहलानींचा. तो बघताना एकाच गोष्टीकडे लक्ष दे: बेणारेचं शेवटचं स्वगत. कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. रंगमंचावर बाकीचे थिजतात, प्रकाश बदलतो, आणि त्या दहा सेकंदांत ती आयुष्यभराचं बोलून जाते. ते ती खरंच मोठ्यानं बोलली की मनातल्या मनात, हे नाटक सांगत नाही. रंगमंचावर प्रकाश बदलला की प्रेक्षक हा करार मान्य करतो. कॅमेऱ्यापुढे खरी भिंत, खरी खुर्ची आणि खरा घाम असतो, तिथे थिजलेली माणसं थिजण्याचा अभिनय करताना दिसतात. नाटकावरून सिनेमा करताना याच्याइतकी अवघड जागा मला दुसरी माहीत नाही. तुझ्याही नाटकात अशी एक जागा आहे, थोरल्याचं स्वगत, आणि तू ते त्याला बाजारातून चालत जाताना पार्श्वआवाजात दिलंस. ही पळवाट आहे. त्याला माजघरातच बसव, आणि शोध की त्या क्षणी तो कुणाशी बोलतोय. मला वाटतं, बंद दाराशी.

काही वेळा नाटकीपणा ठेवायचाच असतो, हेही विसरू नकोस. ‘नटसम्राट’ १९७० चं नाटक, २०१६ ला सिनेमा आला. गणपतराव बेलवलकर स्वगतं म्हणतात ते सिनेमातही खटकायचं कारण नाही, कारण तो माणूस नट आहे. आयुष्य रंगमंचावर गेलं, त्याला दुःख तसंच बोलता येतं. तुझा थोरला तालुक्याच्या सोसायटीत कारकून आहे. त्याच्या तोंडी टाळीचं वाक्य आलं की लेखक बोलतोय हे कळतं.

टाळीवरून आठवलं. नाटकातली वाक्यं हशा-टाळ्यांची जागा सोडून लिहिलेली असतात. नट तिथे दोन-तीन श्वास थांबतो, प्रेक्षक ती जागा भरतो, मग पुढचं वाक्य. पडद्यावर ती जागा भरायला कुणी नसतं. प्रयोगांची सवय असलेले नट घेतलेस तर ते तिथे आपोआप थांबतील, आणि संकलनाला बसशील तेव्हा प्रत्येक चांगल्या वाक्यानंतर एक भोक सापडेल. मी अशी भोकं दुसऱ्याच्या चेहऱ्याचे शॉट लावून बुजवली आहेत, ठिगळ दिसतंच. तालमीतच बघ: वाक्य संपल्यावर समोरच्यानं काय करायचं हे ठरलेलं नसेल तर तिथे भोक आहे. आवाजाचंही तसंच. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज हातभर अंतरावरच्या माइकला नको असतो. त्यांना ‘हळू बोला’ सांगून उपयोग नाही, ते नुसतं हळू आवाजातलं नाटक करतील. आत आई ऐकतेय, एवढं सांग.

आता उघडायच्या दोन जागा, कारण सगळं बंद ठेव असं मी म्हणत नाही. धाकटी पहिल्यांदा येते तेव्हा नाटकात अर्धं पान बोलणं आहे: गाडी चुकली, पाऊस होता, शेवटचे तीन किलोमीटर चालत आले. रंगमंचावर पाऊस दाखवता येत नाही म्हणून ते बोलावं लागतं. तुझ्याकडे चिखलानं भरलेला साडीचा काठ आहे. तो दाखव आणि अर्धं पान काढ. तू चिखलही दाखवलास आणि बोलणंही ठेवलंस. नाटक तिथे राहतं. दुसरी जागा शेवटची, वाडा रिकामा झाल्यावरची.

निबंधक कार्यालयाचा प्रसंग मात्र काढच. नाटकात थोरला घरी येऊन सांगतो की सही केली नाही, आणि तो खोटं बोलतोय हे आपल्याला खूप उशिरा कळतं. तू त्याला सही करताना दाखवलंस. इतकं चांगलं खोटं तू वाया घालवलंस याचा मला राग आला, खरंच आला. पान बाजूला ठेवून मी गच्चीवर जाऊन आलो.

पुढच्या बुधवारी ये, मी चारनंतर घरी आहे. येताना सगळी पटकथा नको. फक्त माजघरातले प्रसंग आण, आणि प्रत्येकाच्या समासात लिहून आण की त्या वेळी आईच्या खोलीचं दार पूर्ण लागलेलं आहे, लोटलेलं आहे, की फट आहे, आणि ते शेवटचं कुणी लावलं.

तुझा,
सर