एफएनडीच्या पेशंटला काय सांगायचं, फिजिओला काय लिहायचं?

प्रश्न: मी मुंबईत मेडिसिनची रेसिडेंट आहे. एफएनडीच्या, म्हणजे फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डरच्या पेशंटला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं की घरचे तिच्यावरच उलटतात, ‘नाटक करते’ म्हणतात. नीट कसं सांगायचं? आणि फिजिओला पाठवताना चिठ्ठीत नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

एमआरआयचा विषय शेवटी काढा. आधी तपासणीत काय सापडलं ते दाखवा.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). रोज डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जायच्या. स्टेशनच्या जिन्यावर डावा घोटा मुरगळला. दुखणं ओसरलं, पण पाय उचलेना. फरफटत, काठी टेकत आल्या. सोबत नवरा आणि सासूबाई.

त्यांना झोपवून डाव्या टाचेखाली हात ठेवला आणि टाच खाली दाबायला सांगितली. जोर जवळजवळ नाहीच. मग उजवा पाय माझ्या हाताविरुद्ध वर उचलायला सांगितला, तर तीच डावी टाच माझ्या हातावर चांगली जोरात दाबली गेली. हूवर यांनी 1908 मध्ये वर्णन केलेली ही खूण. नवऱ्याला टाचेखाली हात धरायला लावून मी ती पुन्हा केली आणि बाईंना म्हटलं, “तुमच्या पायात खरंच ताकद येत नाहीये, तुम्ही मुद्दाम करत नाही. पण लक्ष दुसऱ्या पायाकडे गेलं की ताकद येते. म्हणजे रूळ शाबूत आहेत, सिग्नल अडकतोय. या आजाराला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. हा आम्हाला माहीत असलेला आजार आहे आणि यात सुधारणा होऊ शकते.”

सासूबाई गप्प झाल्या. नॉर्मल रिपोर्ट दाखवून हे झालं नसतं, कारण नॉर्मल रिपोर्टमधून घरच्यांना ‘काही झालेलं नाही’ एवढंच ऐकू येतं.

ताणाबद्दल जरूर विचारा, पण कारण म्हणून तो पेशंटच्या गळ्यात बांधू नका. काहींच्या आयुष्यात तसं काहीच सापडत नाही. दुखापतीनंतरही हा आजार सुरू होतो. आणि एकट्या खुणेवर विसंबू नका. खूप दुखत असेल किंवा मेंदूच्या इजेमुळे एका बाजूचं भान गेलं असेल, तर हूवर फसवू शकते. शिवाय एमएस किंवा पक्षाघात झालेल्यालाही सोबत एफएनडी असू शकतो.

निघण्यापूर्वी मी एकच विचारते: “घरी कोणी विचारलं तर काय सांगाल?” ‘डॉक्टर म्हणाल्या टेन्शन आहे’ असं उत्तर आलं, तर समजावणं पोचलेलं नाही. अशा पेशंटला लगेच फिजिओकडे धाडू नका, आठवड्याने परत बोलवा.

चिठ्ठीत आपण सहसा ‘लेफ्ट लेग वीकनेस, स्ट्रेंदनिंग, दहा सेशन’ एवढंच लिहितो. मग फिजिओ पायाला मशीन लावतो आणि ‘लावा जोर, उचला पाय’ सुरू होतं. सगळं लक्ष पायावर जातं आणि पाय अधिकच अडतो. मी त्या बाईंसाठी असं लिहिलं होतं:

“निदान: फंक्शनल डाव्या पायाची कमजोरी. आधार: हूवर पॉझिटिव्ह, उलट चालताना फरफट बरीच कमी. पेशंटला निदान नावासकट सांगितलं आहे, खूण दाखवली आहे, त्यांना ते पटलं आहे. कृपया स्नायूंची ताकद वारंवार मोजू नये. भर पायावर न देता हालचालीवर द्यावा: उभं राहून वजन डावी-उजवीकडे नेणं, खुर्चीतून उठणं, बाजूला आणि उलट चालणं, मग बोलता बोलता सरळ चालणं. जमलेल्या चालीचा व्हिडिओ त्यांना दाखवावा. स्प्लिंट नको, काठी टप्प्याटप्प्याने सोडवावी. थकवा आहे, म्हणून चांगल्या दिवशी जास्त आणि वाईट दिवशी शून्य असं होऊ देऊ नये. ध्येय: काठीशिवाय स्टेशनचा पूल चढणं. नवीन लक्षण दिसलं तर मला फोन करावा.”

‘पटलं आहे’ हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर फिजिओ पहिल्याच दिवशी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून मोकळा होतो आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. चिठ्ठी पेशंटसमोर वाचा, तिची एक प्रत त्यांना द्या. जे तोंडी सांगितलं तेच शब्द कागदावर हवेत.

आशा मात्र मोजूनमापून द्या. ब्रिटनमधल्या फिजिओफोरएफएमडी चाचणीत (निकाल 2024) अशी खास फिजिओथेरपी मिळालेल्यांपैकी जास्त जणांनी ‘आधीपेक्षा बरं आहे’ म्हटलं, पण शारीरिक क्षमतेच्या मुख्य मोजमापात नेहमीच्या फिजिओपेक्षा फरक दिसला नाही. त्या बाईंची काठी सुटली, ऑफिस पुन्हा सुरू झालं. थकवा टिकून आहे, आणि दमलेल्या दिवशी पाय अजून थोडा ओढला जातो. अशा दिवशी काय करायचं, हे फिजिओने शेवटच्या सेशनमध्ये त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घेतलं: थांबायचं, वजन दोन्ही पायांवर डोलवायचं, चार पावलं उलट जायचं आणि मग सरळ निघायचं.