गोवरच्या लसीनंतरचा ताप

प्रश्न : माझा मुलगा 14 महिन्यांचा आहे. दीड महिन्याच्या सुईनंतर मांडी सुजली, रात्रभर ताप होता. तेव्हापासून सासूबाई गोवरची सुई नको म्हणतात. काय करू?

मी आशाताईंची गटप्रवर्तक आहे. आमच्या एका गावात असंच घर होतं. पोरगं तुमच्याच मुलाएवढं, नवव्या महिन्यातला डोस चुकलेला. आशाताई गेली की आजी दारातूनच सांगायची, "पोराला पुन्हा तापवायचं नाही बघ."

ताईने आधी वाद घातला नाही. ओट्यावर बसून तिने मागच्या वेळचं सगळं विचारून घेतलं: ताप कधी आला, किती दिवस राहिला, सूज कुठे होती. आजी भरभरून बोलली. बोलता बोलता गोवराचाही विषय निघाला. "आमच्यात सगळ्यांनाच यायचा, निंबाच्या पाल्यावर निजवायचो," आजी म्हणाली. ताईने विचारलं, "पुरळ गेल्यावर पोरं लगेच खेळायला लागायची का?" आजी थांबली. धाकट्या दिराला नंतर महिनाभर जुलाब लागले होते, काटकी झाला होता तो. गोवर अंगातली प्रतिकारशक्ती खाली आणतो, म्हणून पुरळ गेल्यावरही जुलाब, न्यूमोनिया गाठतात. आजीने ते डोळ्यांनी पाहिलेलंच होतं.

मग ताईने तापाचं खरं ते सांगितलं. "ही सुई दंडाला देतात. त्या रात्री बहुतेक काही होत नाही. पण आठवड्याभराने, सातव्या ते बाराव्या दिवसात, ताप येऊ शकतो, चार पुटकुळ्याही दिसतील. सगळ्यांना येत नाही. आला तर एकदोन दिवसांत उतरतो." असं का होतं? दीड महिन्याच्या पेंटाव्हॅलेंट सुईत मेलेले जंतू आणि जंतूंचे भाग असतात, त्यांचा ताप एकदोन दिवसांतच येऊन जातो. गोवर-रुबेलाच्या लसीत कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, अंगात वाढायला त्याला आठवडा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर नवव्या दिवशीचा ताप 'गोवरच आला' म्हणून गावभर होतो. काही जणी भीतीपोटी तापाचा विषयच टाळतात; मला ते अजिबात पटत नाही.

ताईने कार्डावर ते दिवस लिहून दिले. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आई-आजी दोघी उपकेंद्रात आल्या. लस झाली, जीवनसत्त्व 'अ'चा डोस पाजला, अर्धा तास बसवून ठेवलं. नवव्या दिवशी अंग कोमट झालं. आजीने फोन केला तो फक्त औषध किती द्यायचं हे विचारायला. ताईने नर्सबाईंना विचारून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितलं.

तुम्हीही सासूबाईंना सोबतच न्या. मागच्या वेळची सूज-ताप नर्सबाईंना सांगा. तेवढ्यावरून ही लस अडत नाही, साध्या सर्दीनेही नाही. मागे झटका किंवा श्वासाचा त्रास झाला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरा डोस 16 महिने पूर्ण झाल्यावर, पण दोन्हींत किमान महिन्याचं अंतर हवं. तारीख कार्डावर लिहून घ्या.